शेजारच्या बोक्याबद्दल लिहायचे पत्र

पिंपरी-चिंचवडमध्ये भिंतीला भिंत लागून राहणारी माणसे एकमेकांना भेटतात ती रविवारी, तेही दोघांची सुट्टी जुळली तर. निगडी प्राधिकरणातले किंवा यमुनानगरचे दोन घरांत वाटलेले एखादे कंपाउंड डोळ्यांसमोर आणा. एका घरातला माणूस चाकणला फर्स्ट शिफ्टला जातो आणि अंधारातच कंपनीची बस पकडतो. दुसरा सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री परततो आणि उन्हे वर येईपर्यंत झोपतो. त्यांची मांजरे मात्र रोज भेटतात, आणि भेटतात ती नेमकी पहाटे आणि तिन्हीसांजेला, कारण मांजराची शिकारीची आणि हद्द फिरून पाहण्याची वेळ तीच असते. म्हणजे भांडण पेटते तेव्हा एक मालक बसच्या रांगेत असतो आणि दुसरा गाढ झोपेत. आपला बोका समोरच्यांच्या मांजराला फाडतो आहे हे त्याला खरोखरच माहीत नसते. शेजाऱ्याला लिहायच्या पत्राचा विचार इथून सुरू व्हायला हवा, असे माझे मत आहे. ते पत्र तक्रारीचे असू नये, माहितीचे असावे, आणि त्यातली मागणी शेजाऱ्याला खरोखर पूर्ण करता येईल अशी असावी. ‘तुमचे मांजर आवरा’ ही मागणी या कसोटीला उतरत नाही. जन्मभर गच्चीवरून आणि पत्र्यांवरून फिरलेला बोका कोणी सांगितले म्हणून घरात बसत नाही. मग शेजारी हो म्हणतो, काही बदलत नाही आणि दोन घरांत अबोला धरला जातो.

माहिती द्यायची तर आधी ती गोळा करावी लागते. निव्वळ आरडाओरडा म्हणजे मारामारी नव्हे. दोन मांजरे समोरासमोर उभी राहून लहान मूल रडावे तसा लांबलचक सूर काढतात, पाठीची कमान करतात, शेपूट फुगवतात, फिस्कारतात आणि पुष्कळदा त्यातले एक हळूहळू बाजूला होते. तो वाद असतो आणि तो मिटतोही. पत्र लिहिण्याजोगी गोष्ट म्हणजे दात लागणे. त्याचा पुरावा मांजराच्या अंगावर सापडतो, पण लगेच नाही. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. त्यांनी पडलेले भोक दिवसाभरात वरून बुजते आणि तोंडातले जंतू कातडीखाली कोंडले जातात. दोन ते चार दिवसांनी तिथे गरम, दुखरी गाठ येते, मांजर खाणे टाकते, गाठ फुटली की घाण वासाचा पू येतो. म्हणून भांडणानंतर केसांतून बोटे फिरवून जखम शोधावी आणि पुढचे चार दिवस ती जागा पुन्हापुन्हा पाहावी. जखम कुठे आहे यावरूनही बरेच कळते. तोंडावर, कानावर, पुढच्या पायांवर असेल तर मांजर समोर उभे राहून लढले. शेपटीच्या मुळाशी किंवा मागच्या मांड्यांवर असेल तर ते पळत होते आणि दुसऱ्याने पाठलाग केला. हा अंदाज आहे, न्यायालयातला पुरावा नव्हे. तरी ‘तुमचाच सुरुवात करतो’ असे ठोकून देण्यापेक्षा तो बरा, कारण तो कधीकधी आपल्याच लाडक्याच्या विरोधात जातो.

यानंतर पाहायचे ते शेजारचे मांजर नर आहे की मादी आणि त्याची नसबंदी झाली आहे का. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, पिवळे बहुतेक वेळा बोका. नसबंदी न झालेला प्रौढ बोका ओळखायला फार जवळ जावे लागत नाही. त्याचे गाल फुगीर आणि मान जाड असते, आणि तो भिंतीला, कुंडीला, गाडीच्या टायरला पाठ करून, शेपूट ताठ उभी धरून मुताची पिचकारी मारतो. तो उग्र वास जिन्यापर्यंत येतो. या वासावर आपल्याकडे सर्रास फिनेल ओततात. ते टाळावे. काळ्या फिनेलमधली द्रव्ये मांजराला विषारी असतात आणि पंजाला लागलेले ते चाटून पोटात घेते.

बोक्याची नसबंदी हीच मुख्य विनंती का असावी, याला भक्कम आधार आहे. 1973 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या वयात नसबंदी झालेल्या बोक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. भटकणे, मारामारी आणि पिचकाऱ्या मारणे या तिन्ही सवयी दहापैकी जवळपास नऊ बोक्यांत लक्षणीय कमी झालेल्या आढळल्या. मात्र सगळ्यांत फरक लगेच पडला नव्हता, काहींना काही महिने लागले. शस्त्रक्रिया स्वतः छोटी असते. मांजर त्याच दिवशी घरी येते आणि बोक्याला सहसा टाकेही पडत नाहीत. पण दोन्ही मांजरांची नसबंदी आधीच झालेली असेल तर हा उपाय गळतो. मग भांडण हद्दीचे आणि वाटीचे असते, आणि त्याला वेळा वाटून घेणे हाच मार्ग उरतो.

आता हे सगळे एका पत्रात कसे उतरते ते पाहू. आपला गोट्या नसबंदी झालेला, शेजारचा पिवळा बोका न झालेला, आणि शेजारी सेकंड शिफ्टचे, असे धरून:

‘श्री. काका व सौ. काकू यांस सप्रेम नमस्कार. तुमचा पिवळा बोका आणि आमचा गोट्या यांची कंपाउंडमध्ये भांडणे होत आहेत. पहाटेचा गोंधळ तुमच्या कानावर येत नसेल, म्हणून लिहितो आहे. 3 ते 16 मार्च या काळात पाच वेळा त्यांची जुंपलेली आम्ही पाहिली, त्यातली चार पहाटे पाच ते साडेसहाच्या दरम्यान, मागच्या टाकीजवळ. 9 तारखेला गोट्याच्या शेपटीच्या मुळाशी दात लागले आणि तिसऱ्या दिवशी तिथे गळू झाले. डॉक्टरांनी ते साफ केले, आता तो बरा आहे. आमचाही काही गरीब नाही, एकदा तोच तुमच्या पायरीवर जाऊन बसला होता. तुमच्या बोक्याच्या तोंडाला किंवा पुढच्या पायांना कुठे गाठ लागते का, कृपया पाहावे. आम्ही गोट्याची वाटी आता घरात ठेवतो आणि सकाळी नऊपर्यंत त्याला बाहेर सोडत नाही. तुमचा बोका सकाळी खायला आला की दार लावून घेता आले तर दुपारपर्यंत तो झोपेल आणि तेवढ्यात गोट्याचे फिरणे होईल. एक विनंती आहे. बोक्याची नसबंदी झाली नसेल तर ती करून घेण्याचा विचार करावा. आमच्या डॉक्टरांचा नंबर खाली दिला आहे. न्यायला आमची बास्केट आणि गाडी कधीही मागा. रविवारी चहाला यावे, तेव्हा बोलूच. आपला शेजारी.’

या पत्रात नुकसानभरपाई मागितलेली नाही. डॉक्टरांचे बिल जोडावेसे वाटते, पण ते जोडले की शेजारी बोक्याचा विचार सोडून बचावाची तयारी करू लागतो. तारखा आणि वेळा दिल्या आहेत त्या त्याला स्वतः पडताळून पाहता याव्यात म्हणून. आपण काय केले ते मागणीच्या आधी आले आहे, आणि तो क्रम मुद्दाम आहे. वाटीची गोष्टही खरीच महत्त्वाची आहे. बाहेर ठेवलेले खाणे हे परक्या बोक्याला दिलेले रोजचे आमंत्रण असते, आणि ते देणारे पुष्कळदा आपणच असतो.

मांजरांचे मांजरे बघतील, त्यात माणसांनी कशाला पडायचे, असे कोणी म्हणेल. मोकळ्या जागेत हे बरेचसे खरे आहे. मांजरे एकच वाट वेगवेगळ्या वेळी वापरून एकमेकांना टाळतात. पण दोन घरांच्या कंपाउंडमध्ये टाळायला जागा नसते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाक्या, आणि पळायची वाट एकच. वेळा वाटून घेणे म्हणजे मांजरांची हीच रीत माणसांनी पाळून देणे. शिवाय चावण्यातून मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा एक विषाणू पसरतो आणि त्यावर रोग बरा करणारा इलाज नाही. लढणाऱ्या दोघांनाही तो धोका सारखाच असतो, तेव्हा नसबंदीची विनंती शेजाऱ्याच्या बोक्याच्याही हिताची ठरते. नसबंदी हे पाप आहे असे मानणारी घरे आहेत आणि पत्राने त्यांचे मत बदलणार नाही. तिथे आग्रह सोडून वेळांच्या वाटणीवरच थांबावे.

अवघड उत्तर वेगळेच असते: ‘तो आमचा नाहीच, आम्ही फक्त दूध घालतो.’ इथे मालकीचा वाद घालून काही मिळत नाही. बोक्याच्या कानाचे टोक सरळ कापलेले दिसले तर भटक्या मांजरांची नसबंदी करणाऱ्या कोणीतरी ती आधीच केलेली असण्याची शक्यता मोठी. कान अख्खा असेल तर पत्रात ‘तुमचा बोका’ऐवजी ‘तुम्ही ज्याला खायला घालता तो बोका’ असे लिहावे आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याचे सुचवावे. खाऊ घालणाऱ्याच्याच हाताला तो येतो, म्हणून त्याला पकडायचे कामही त्यांच्याशिवाय होत नाही.

सोसायटीकडे किंवा महापालिकेकडेच थेट अर्ज का करू नये? कारण तिथले मार्ग अशा भांडणासाठी नाहीत. हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरे असल्याच्या तक्रारीवरून 2025 मध्ये पशुसंवर्धन विभागाने नोटीस काढली. तिथे दुर्गंधीचा आणि आरोग्याचा प्रश्न होता आणि सरकारी हात लागणे योग्यच होते. एका बोक्यासाठी तसा अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत मांजरांच्या दोन पिढ्या होतील. पोत्यात घालून बोका चाकणच्या पुढे शेतात सोडून येण्याचा सल्लाही लोक देतात. तो क्रूर तर आहेच, निरुपयोगीही आहे, कारण रिकामी झालेली हद्द लवकरच दुसरा बोका धरतो. कोणी रागाच्या भरात प्राण्याला मारले किंवा कायमचे जायबंदी केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मारामारी चालू असताना हात मात्र घालू नये. पाणी फेकावे किंवा मध्ये पाट सरकवावा. तरीही चावा बसलाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मांजर घरचे असले तरी.

पत्र दारात टाकल्यावर घाई करू नये. नसबंदी झाली तर निदान दोन महिने जाऊ द्यावेत आणि तेवढ्या काळात वेळांची वाटणी आपल्या बाजूने चुकवू नये. दुसरे पत्र लिहायचे ते त्यानंतर, आणि तेव्हाही नव्या तारखा हाताशी असतील तरच.