कल्ले किती ठेवायचे?

"कल्ले किती ठेवू?" सलूनमध्ये हा प्रश्न येतो तेव्हा आपला चष्मा समोरच्या फळीवर असतो, मान वाकलेली असते आणि डोळे मिटत आलेले असतात. "नेहमीसारखेच," आपण पुटपुटतो. नेहमीचे म्हणजे किती, हे त्यालाही ठाऊक नसतं आणि आपल्यालाही.

मोजायला खुणा कानावरच आहेत. कान वर जिथे डोक्याला जोडला जातो ती एक, कानाच्या भोकापुढे बोटाला लागतो तो छोटा उंचवटा दुसरी आणि पाळी तिसरी. बहुतेकांना मधल्या खुणेपर्यंतचे कल्ले शोभतात. उभट चेहरा असेल तर त्याहून थोडे वर थांबावं, कारण लांब कल्ले चेहरा आणखी खाली ओढतात. गोल चेहऱ्याला नेमकी तीच ओढ उपयोगी पडते. खाली रुंद होत जाणारे कल्ले नजर जबड्याकडे नेतात, त्यामुळे मुळात जबडा रुंद असलेल्याने ते टाळलेले बरे.

माझ्या भाच्याचे कान बाहेर आलेले, हनुवटी निमुळती. त्याने बाजूचे केस वरपर्यंत मशीनने उडवून घेतले, कल्लेही गेले. कान कपाच्या दांड्यांसारखे दिसू लागले! कान आणि गाल यांच्यामधली जागा उघडी पडली की कान अधिकच सुटे वाटतात. उपाय काही नव्हता. महिनाभर केस वाढू दिले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, तेवढे पुरले. मग कानाच्या वरचे केस तीन नंबरच्या मशीनने, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर ठेवले. कल्ल्यांचा वरचा भाग दोन नंबरने, म्हणजे सहा मिलिमीटर, आणि खालचं टोक एक नंबरने, तीन मिलिमीटर. लांबी मधल्या खुणेपर्यंत, खालची कड सरळ. केस क्रमाने बारीक होत गेल्यामुळे कल्ले वरून चिकटवल्यासारखे वाटले नाहीत आणि कानापुढची पोकळी भरून निघाली.

खरी फसगत होते ती दोन्ही बाजू सारख्या करताना. दोन्ही कान क्वचितच एका पातळीत असतात. कानावरून मोजून कापलेले कल्ले म्हणूनच समोरून तिरपे दिसतात. मग उजवा थोडा, डावा थोडा असं करत दोन्ही वर सरकतात. घरी दाढी करतानाही रोज एक रेघ वर जाते आणि पंधरा दिवसांनी कळतं.

लांबीचा अंदाज कानावरून घ्या, पण पातळी डोळ्यांवरून ठरवा. मान सरळ ठेवून दोन्ही तर्जन्या कल्ल्यांच्या खालच्या कडांना लावा आणि आरशात पाहा. बोटांमधली रेघ डोळ्यांच्या रेघेला समांतर हवी. नसेल तर फक्त खाली आलेली बाजू कापायची, दुसरीला हात लावायचा नाही. आणि हे पाहण्याआधी फळीवरचा चष्मा तेवढा मागून घ्या.