कांदा चिरताना डोळ्यांत पाणी? आधी सुरीची धार बघा, मग फ्रीज



विरार पूर्वेला चंदनसारमध्ये घरातून डबे देणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, "सर, चाळीस डबे सहाच्या आत भरायचे असतात. लोकांना लोकल पकडायची असते. पण चार किलो कांदा चिरताना डोळे इतके चुरचुरतात, की दर पाच मिनिटांनी उठून तोंड धुवावं लागतं. कांदा फ्रीजमध्ये ठेवला तर थांबेल का?"

प्रश्न साधा वाटतो, पण यात वेळ जातो आणि बोटही कापतं. डोळ्यांत पाणी असताना सुरी चालवणं म्हणजे धुक्यात गाडी हाकणं. म्हणून आज एवढंच बघू, की पाणी का येतं आणि कुठली युक्ती खरंच चालते.

आधी कारण समजून घ्या. कांदा जमिनीतून गंधक घेतो आणि त्यापासून बनलेला एक पदार्थ आपल्या पेशींमध्ये साठवतो. त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, त्या पदार्थाला फोडणारं एक एन्झाइम असतं. कांदा अख्खा आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरीने पेशी फुटल्या की दोघं एकत्र येतात. मग दुसरं एक एन्झाइम कामाला लागतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हे दुसरं एन्झाइम जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली शोधलं. लसणात पहिलं एन्झाइम असतं, दुसरं नसतं. म्हणून किलोभर लसूण ठेचला तरी आपण रडत नाही.

आता कामाची गोष्ट. हा वायू कापल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात सर्वात जास्त निघतो आणि पुढची पाचेक मिनिटं तयार होत राहतो. म्हणजे तुम्हाला फक्त हातातला कांदा रडवत नाही. शेजारी ताटात पडलेला चिरलेल्या कांद्याचा ढीगही रडवतो. बहुतेक जण इथेच चुकतात.

धार हा पहिला उपाय

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 साली कांदा कापतानाचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं. बोथट पातं कांद्याचा पापुद्रा लगेच कापत नाही, आधी दाबतं. आत दाब वाढतो आणि पापुद्रा फाटताच रसाचे बारीक थेंब वर उडतात. पातं धारदार असेल आणि कापणं सावकाश असेल, तर थेंब कमी उडतात.

आता आपल्या घरातली विळी आठवा. आपण पाटावर बसतो, चेहरा थेट पात्याच्या वर असतो आणि विळीला धार लावून वर्ष झालेलं असतं. थेंबही वर, वायूही वर, आणि डोळे बरोबर वाटेत. विळी सोडा असं मी म्हणत नाही, पण रोज चार किलो कांदा असेल तर लाकडी पाट आणि मोठी धारदार सुरी घ्या. उभं राहून, चेहरा हातभर लांब ठेवून चिरा. सुरी खाली आपटायची नाही, पुढे सरकवत कापायची. धार आहे की नाही हे टोमॅटोवर कळतं. साल न दबता कापली गेली तर धार ठीक आहे. साल आत दबली तर सुरी धार लावणाऱ्याकडे द्या.

फ्रीज चालतो, पण अर्धाच

गारव्यात एन्झाइमचं काम मंदावतं आणि वायूही हवेत कमी उडतो. त्यामुळे गार कांदा कमी झोंबतो, हे खरं. पण त्याच कॉर्नेलच्या प्रयोगात कांदा गार केल्याने उडणारे थेंब काही कमी झाले नाहीत. थोडक्यात, फ्रीज वायूवर चालतो आणि थेंबांवर धारच चालते. सुरी बोथट ठेवून फक्त फ्रीजवर विसंबलात, तर "सांगितलं तसं केलं, फरक नाही" असंच म्हणाल.

फ्रीजमध्ये कांदा सालीसकट, एका थरात, किमान तासभर ठेवा. पिशवीत कोंबलात तर मधले कांदे गार होत नाहीत. फक्त उद्याचाच कांदा ठेवा, अख्खी गोणी नको. फ्रीजच्या ओलाव्यात कांदा मऊ पडतो, कोंब येतात. आणि फ्रीझरमध्ये तर नकोच. तिथे आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर कांदा पिचपिचीत होतो.

पाण्यात बुडवून ठेवणं? सोललेला कांदा पाण्यात टाकला की वरचा रस धुऊन जातो, थोडा फरक पडतो. पण कांदा निसरडा होतो आणि सुरी घसरते. भजीसाठी किंवा तळलेल्या कांद्यासाठी तर हे करूच नका. ओल्या कांद्याने तेल उडतं आणि कुरकुरीतपणा जातो. तोंडात पावाचा तुकडा किंवा काडी धरण्याने काही होत नाही, कारण वायू डोळ्याला लागतो, तोंडाला नाही. पोहण्याचा चष्मा मात्र खरंच चालतो, कारण तो डोळे पूर्ण बंद करतो.

ताईंच्या चार किलोंचं काय?

मध्यम कांदा शंभर ग्रॅमचा धरा, म्हणजे चाळीस कांदे. रात्री झोपताना ते ट्रेमध्ये पसरून फ्रीजमध्ये. सकाळी एका वेळी दहाच बाहेर काढायचे, म्हणजे बाकीचे गार राहतात. शेंडा कापा, उभे दोन भाग करा, साल काढा. मुळाचा भाग शेवटपर्यंत तसाच ठेवा, त्याने पाकळ्या सुटत नाहीत आणि सुरी घसरत नाही. सपाट बाजू पाटावर ठेवून आधी उभे काप, मग आडवे.

दोन कांदे झाले की चिरलेला कांदा लगेच झाकणाच्या डब्यात टाका. दहा झाले की पाट ओल्या फडक्याने पुसा, कारण पाटावरच्या रसातूनही वायू निघतो. टेबल फॅन बाजूला ठेवा, म्हणजे हवा पाटावरून आडवी जाईल आणि वायू चेहऱ्यापर्यंत येणार नाही. फक्त शेगडीच्या ज्योतीवर वारा येत नाही ना, ते बघा. डोळे चुरचुरले तर कांद्याच्या हाताने चोळू नका. आधी हात धुवा.

अजून एक. ग्रेव्हीचा कांदा बारीक चिरूच नका. चार फोडी करा, उकडा, मग मिक्सरला लावा. उकडल्यावर एन्झाइम निकामी होतं, त्यामुळे वाटताना झोंबत नाही. कच्चा कांदा वाटायचा असेल तर मिक्सर थांबल्यावर भांडं चेहऱ्यापासून लांब धरून झाकण उघडा.

फरक तुमच्या ओट्यावरच तपासा. एक दिवस आत्ताच्या पद्धतीने दहा कांदे चिरा आणि कितव्या कांद्याला थांबावं लागलं ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त धार लावून चिरा. तिसऱ्या दिवशी धार आणि फ्रीज दोन्ही. कांदा तिन्ही दिवस एकाच गोणीतला हवा, कारण तिखटपणा जातीप्रमाणे बदलतो. अलिबागचा पांढरा कांदा मुळातच सौम्य असतो, त्यावर तपासलंत तर फसाल.

तीन दिवसांनी वहीतला आकडा बघा. फ्रीजमध्ये रोज जागा अडवायची की नुसत्या धारेवर भागतंय, हे तुमचं तुम्हालाच कळेल.