पडद्याला नक्की किती कापड?

हॉलच्या पडद्यांसाठी मी हिशोब करून ९.७ मीटर कापड आणलं आणि चौथा तुकडा फूटभर तोकडा निघाला. गुणाकार बरोबर होता, पण मी कापड क्षेत्रफळासारखं मोजलं होतं. पडद्याचं कापड मोजायचं ते पूर्ण उंचीच्या तुकड्यांत.

खिडकी १५० सेंमी रुंद होती. कडेने उजेड येऊ नये म्हणून दांडी दोन्ही बाजूंनी १५ सेंमी पुढे घेतली, म्हणजे १८० सेंमी. मोजायची ती दांडी, खिडकी नव्हे. वर शिवलेल्या चुण्यांसाठी दांडीच्या अडीचपट कापड लागतं. रिंगांच्या पडद्याला दुप्पट पुरतं. त्याहून कमी घेतलं तर बंद केलेला पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. अडीचपट म्हणजे ४५० सेंमी. दोन पडद्यांच्या चार कडांच्या दुमडी १६ सेंमी आणि जोडाच्या शिवणी ६ सेंमी धरल्या, की ४७२ होतात.

कापडाचा पन्हा होता १२२ सेंमी. ४७२ भागिले १२२ म्हणजे ३.८७. इथेच मी चुकले. पाऊण पन्हा कुणी विकत नाही, म्हणून तुकडे चारच धरायचे.

आता उंची. दांडीखालच्या कडीपासून जमिनीच्या बोटभर वरपर्यंत २२० सेंमी भरली. ती तीन ठिकाणी मोजावी, कारण फरशी क्वचितच सपाट असते. खालची दुमड १० सेंमीची, पण दुहेरी, म्हणून २० सेंमी. तिच्या वजनानेच पडदा सरळ पडतो, तेव्हा इथे काटकसर नको. वरच्या पट्टीला १० सेंमी. एक तुकडा २५० सेंमीचा, चार तुकडे १० मीटर.

कापडावर मोठी नक्षी असेल तर हेही पुरत नाही. जोडावर फुलं जुळायची असतील तर प्रत्येक तुकडा नक्षीच्या पूर्ण पटीत कापावा लागतो. नक्षी दर ६४ सेंमीला पुन्हा येत असेल, तर २५० ऐवजी २५६ सेंमीचा तुकडा, म्हणजे १०.२४ मीटर. सुती कापड धुतल्यावर आटतं. शंभरात पाच सेंमी आटणार असेल, तर साध्या कापडाचेही साडेदहा मीटरहून थोडं जास्त घेऊन आधी भिजवावं.

उलट, भागाकार ४.२८ आला तर पाचवा तुकडा घेण्याची घाई करू नये. दांडी २०० सेंमीची असती तर असंच झालं असतं, पण चार तुकड्यांतही चुण्या २.३ पट पडतात आणि त्या छान दिसतात. अडीच मीटर वाचतात.

पारदर्शक पडद्यांचं कापड अनेकदा २८० सेंमी पन्ह्याचं मिळतं. ते आडवं वापरलं की आपली २५० सेंमी उंची पन्ह्यातच बसते, जोड लागत नाही आणि ४.७ मीटरमध्ये काम होतं. मात्र उभ्या पट्ट्या असतील तर त्या आडव्या होतील.