‘नेव्हर’ पुढे आला की कर्ता मागे सरतो

२० ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या लढाऊ वैमानिकांबद्दल एक वाक्य उच्चारलं: ‘नेव्हर इन द फील्ड ऑफ ह्यूमन कॉन्फ्लिक्ट वॉज सो मच ओड बाय सो मेनी टु सो फ्यू.’ युद्धाच्या इतिहासात इतक्या थोड्यांचं इतकं मोठं ऋण इतक्या साऱ्यांवर कधीच नव्हतं, असा त्याचा अर्थ. या वाक्यात ‘सो मच’ हा कर्ता आहे आणि ‘वॉज’ त्याच्या आधी आलं आहे. एरवी ‘सो मच वॉज’ असाच क्रम लागला असता. तो उलटला सुरुवातीच्या ‘नेव्हर’मुळे.

मराठीत आपण शब्द सहज हलवतो. ‘असं मी कधीच पाहिलं नाही’ म्हणा किंवा ‘कधीच पाहिलं नाही मी असं’ म्हणा, अर्थ तोच राहतो आणि जोर बदलतो. इंग्रजीत कर्ता कोणता हे मुख्यतः त्याच्या जागेवरून कळतं, म्हणून तिथे अशी मोकळीक नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र वाक्याच्या सुरुवातीला दुसरा एखादा शब्द आला की क्रियापद बऱ्याचदा कर्त्याच्या आधी येई. जर्मनमध्ये ही रीत आजही आहे. इंग्रजीतून ती बहुतेक ठिकाणी गेली, पण नकारी शब्दांनंतर टिकली.

उलटवायचं कसं? ‘आय हॅव नेव्हर सीन सच रेन’ हे वाक्य घ्या. त्यातला ‘नेव्हर’ काढून प्रश्न केला तर ‘हॅव आय सीन सच रेन?’ असं होतं. त्याच्या आधी ‘नेव्हर’ ठेवा, वाक्य तयार: ‘नेव्हर हॅव आय सीन सच रेन.’ प्रश्नाचाच क्रम, फक्त शेवटी पूर्णविराम. ‘ही नेव्हर कम्प्लेन्ड’ या वाक्यात पुढे आणायला साहाय्यक क्रियापदच नाही. प्रश्न करताना आपण ‘डिड’ आणतो, तसंच इथेही करायचं: ‘नेव्हर डिड ही कम्प्लेन.’ भूतकाळ ‘डिड’ने उचलला, त्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात आलं. सर्वाधिक चुका इथेच होतात. कोणी ‘नेव्हर ही कम्प्लेन्ड’ लिहितं, तर कोणी ‘डिड’ आणूनही ‘कम्प्लेन्ड’ तसंच ठेवतं.

‘हार्डली’मध्ये दोन घटना असतात: एक जेमतेम पुरी होते, तोच दुसरी घडते. ‘हार्डली हॅड शी रीच्ड दादर व्हेन द ट्रेन लेफ्ट.’ ती दादरला पोहोचते न पोहोचते तोच गाडी सुटली. उलटा क्रम पहिल्या घटनेपुरता आहे, ‘द ट्रेन लेफ्ट’ सरळच राहतं. परीक्षेत ‘हार्डली’ला ‘दॅन’ जोडलेलं हमखास दिसतं. ते येतं ‘नो सूनर’च्या वाक्यातून. ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, म्हणून त्याला ‘दॅन’ लागतं. ‘हार्डली’त तुलना नाही, तिथे ‘व्हेन’ लिहावं.

‘नॉट ओन्ली’ अधिक फसवं आहे. ‘नॉट ओन्ली डज शी रन द शॉप, बट शी ऑल्सो टीचेस.’ ती दुकान तर चालवतेच, शिवाय शिकवतेही. इथेही पहिलाच भाग उलटतो. पण ‘नॉट ओन्ली मीना बट ऑल्सो हर सिस्टर्स वर प्रेझेंट’ या वाक्यात काहीच उलटत नाही. इथे ‘नॉट ओन्ली’ फक्त मीनाला, म्हणजे कर्त्यालाच चिकटलं आहे.

माझ्या मते सगळ्या नियमाची किल्ली इथे आहे. नकारी शब्द पुढे आला एवढ्याने क्रम बदलत नाही. त्या नकाराने पूर्ण वाक्य नाकारलं जायला हवं आणि तो शब्द कर्त्याचा भाग नसावा. ‘ॲट नो टाइम डिड ही लीव्ह द रूम’ म्हणजे तो खोलीबाहेर कधीच गेला नाही. गेला नाही, म्हणून उलटा क्रम. ‘इन नो टाइम ही लेफ्ट द रूम’ म्हणजे तो क्षणार्धात निघून गेला. शब्दांत ‘नो’ आहे, पण माणूस गेला आहे, क्रम सरळ. शंका आली की स्वतःला विचारा, वाक्यातली गोष्ट घडली की नाही? अर्थात ‘नॉट ओन्ली’ला ही कसोटी लावू नका. तिथे गोष्ट घडलेलीच असते; नाकारलं जातं ते ‘एवढंच’ असणं.

ही रचना भाषणात, निबंधात आणि कथेच्या ऐन वळणावर शोभते. घरगुती बोलण्यात ती अवघडलेली वाटते, आणि एका परिच्छेदात दोनदा आली तर दोन्ही वाक्यांचा जोर जातो. निबंध लिहिणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन: असं वाक्य एकदाच लिहा, आणि लिहिण्याआधी मनात त्याचा प्रश्न करून पाहा.