हातात १७,९७० रुपये, मग सीटीसी किती? पगाराच्या टक्क्यांवरून उलटे गणित असे करा

बारामती एमआयडीसीतून इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर एमआयडीसीत, किंवा तिकडून इकडे नोकरी बदलताना अर्जात एक रकाना हमखास असतो : 'सध्याचा सीटीसी'. अनेकांकडे नेमणूकपत्रातला आकडा नसतो. खात्यावर किती जमा होतात ते पाठ असते आणि पगाराची रचना टक्क्यांत माहीत असते : बेसिक इतके टक्के, घरभाडे इतके टक्के. मग खात्यावरच्या रकमेला १२ ने गुणून तोच आकडा रकान्यात भरला जातो. ही चूक पुढे दरमहा हजारो रुपयांना पडू शकते. प्रत्यक्षात टक्के माहीत असले की सीटीसी उलटा काढता येतो. त्यासाठी मोबाइलमधील कॅल्क्युलेटर पुरतो.

सीटीसी आणि हातातला पगार यांत काय फरक?

सीटीसी म्हणजे एका कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. त्याचे तीन थर धरा. सर्वांत खाली हातात येणारा पगार. त्यात कर्मचाऱ्याच्या वाट्याची कपात, म्हणजे पीएफ, ईएसआयसी आणि व्यवसाय कर मिळवला की ग्रॉस पगार मिळतो. ग्रॉसमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ईएसआयसी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि काही ठिकाणी बोनस मिळवला की सीटीसी तयार होतो.

कपात टक्क्यांनी होते, पण ते टक्के हातातल्या पगाराचे नसतात. ते बेसिकचे किंवा ग्रॉसचे असतात आणि नेमके तेच आकडे आपल्याला माहीत नसतात. म्हणून हातातल्या पगारावर १२ टक्के लावून पीएफ काढला तर उत्तर चुकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे ग्रॉस १०० रुपये धरायचा आणि त्यातले किती रुपये हातात उरतात ते पाहायचे.

पहिली पायरी : ग्रॉस कसा काढायचा?

उदाहरणासाठी बारामती एमआयडीसीतील एका कारखान्यात काम करणारा आयटीआय झालेला तरुण घेऊ. त्याच्या खात्यावर दरमहा १७,९७० रुपये येतात. रचना अशी आहे : ग्रॉसच्या ७० टक्के बेसिक आणि महागाई भत्ता, १० टक्के घरभाडे भत्ता, २० टक्के इतर भत्ते.

ग्रॉस १०० रुपये धरला तर बेसिक ७० रुपये. कर्मचाऱ्याचा पीएफ बेसिक व महागाई भत्त्याच्या १२ टक्के असतो, म्हणजे ८.४० रुपये. ईएसआयसीचा कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के असतो आणि तो ग्रॉसवर लागतो, म्हणजे ०.७५ रुपये. दोन्ही वजा केल्यावर १०० पैकी ९०.८५ रुपये उरतात.

आता राहिला व्यवसाय कर. तो टक्क्यांत नसून ठरावीक रकमेत असतो. महाराष्ट्रात १० हजारांहून जास्त पगार असलेल्या पुरुषांना दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. ठरावीक रक्कम नेहमी आधी परत मिळवायची आणि टक्क्यांचा भागाकार नंतर करायचा. हा क्रम उलटला की उत्तर बिघडते.

१७,९७० + २०० = १८,१७०
१८,१७० ÷ ०.९०८५ = २०,०००

ग्रॉस २०,००० रुपये. उलट बाजूने पडताळणी करू. बेसिक १४,०००, त्यावर पीएफ १,६८०, ईएसआयसी १५० आणि व्यवसाय कर २००. एकूण कपात २,०३० रुपये आणि हातात १७,९७०. हिशेब जुळला.

याच पगारावर महिला कर्मचारी असेल तर आकडा बदलतो. महाराष्ट्रात २५ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. त्यामुळे २०० रुपये न मिळवता थेट भागाकार करायचा. तेव्हा ग्रॉस सुमारे १९,७८० रुपये येतो.

दुसरी पायरी : ग्रॉसवरून सीटीसी

कंपनीचा पीएफचा वाटाही १२ टक्केच असतो. पण त्यावर विमा योजनेसाठी अर्धा टक्का आणि प्रशासकीय शुल्क म्हणून अर्धा टक्का कंपनीला भरावा लागतो. म्हणजे कंपनीचा खर्च बेसिकच्या १३ टक्के : १,८२० रुपये. ईएसआयसीचा कंपनीचा वाटा ग्रॉसच्या ३.२५ टक्के : ६५० रुपये. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि महिन्याचे २६ दिवस या हिशेबाने धरतात. महिन्याला ती बेसिकच्या ४.८१ टक्के पडते : ६७३ रुपये.

२०,००० + १,८२० + ६५० + ६७३ = २३,१४३ रुपये

बोनस सीटीसीत धरला असेल तर त्याची भर पडते. या कारखान्यात तो बेसिकच्या ८.३३ टक्के धरला जातो असे मानू, म्हणजे १,१६६ रुपये. तेव्हा सीटीसी २४,३०९ रुपये होतो, वर्षाला २ लाख ९१ हजार ७०८. काही कंपन्या बोनस बेसिकऐवजी कायद्यातील मर्यादेवर मोजतात, तर काही तो सीटीसीच्या बाहेर ठेवतात. म्हणून 'बोनस धरून की वगळून' हे एचआरकडे विचारून घ्यावे.

१२ ने गुणले तर काय होते?

याच तरुणाने अर्जात १७,९७० गुणिले १२, म्हणजे २ लाख १५ हजार ६४० हा 'सध्याचा सीटीसी' लिहिला असे धरा. नवी कंपनी त्यावर २० टक्के वाढ देते. प्रस्तावातला सीटीसी होतो २ लाख ५८ हजार ७६८, महिन्याला २१,५६४ रुपये. कागदावर ही वाढ दिसते. पण रचना तीच आणि बोनस सीटीसीतच धरलेला असेल, तर ग्रॉस येतो १७,७४१ आणि हातात पडतात १५,९१८ रुपये. म्हणजे २० टक्के 'वाढ' घेऊन दरमहा २,०५२ रुपये कमी.

टक्के ग्रॉसचे नसून सीटीसीचे असतील तर?

रचनेचा कागद हाती आला की पहिला प्रश्न हाच : हे टक्के कशाचे? अभियंते आणि कार्यालयीन पदांसाठी 'बेसिक सीटीसीच्या ५० टक्के' अशी रचना बऱ्याचदा असते. तेव्हा १०० रुपये ग्रॉसला नव्हे, सीटीसीला धरायचे.

समजा, हातात ३३,००० रुपये येतात, बेसिक सीटीसीच्या ५० टक्के आहे, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे आणि बोनस वेगळा आहे. पगार २१ हजारांच्या वर असल्याने ईएसआयसी नाही. सीटीसीच्या १०० रुपयांतून कंपनीचा पीएफ ६.५० आणि ग्रॅच्युइटी २.४०५ गेली, पुढे कर्मचाऱ्याचा पीएफ ६ रुपये गेला. उरले ८५.०९५. व्यवसाय कर मिळवून ३३,२०० ला ०.८५०९५ ने भागले की सीटीसी येतो ३९,०१५ रुपये.

इथेच थांबू नये. या उत्तरानुसार बेसिक १९,५०८ होतो. पीएफची वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे आणि बऱ्याच कंपन्या त्या मर्यादेपुरताच पीएफ भरतात. तसे असेल तर कर्मचाऱ्याचे १,८०० आणि कंपनीचे १,९५० रुपये या ठरावीक रकमा होतात. मग त्यांनाही व्यवसाय करासारखेच आधी मिळवायचे :

३३,००० + २०० + १,८०० + १,९५० = ३६,९५०

टक्क्यांत आता फक्त ग्रॅच्युइटी उरली. म्हणून ३६,९५० ला ०.९७५९५ ने भागायचे. सीटीसी येतो ३७,८६१ रुपये. दोन उत्तरांत महिन्याला १,१५४ रुपयांचा फरक आहे. खरे कोणते, हे पगारपत्रकातील एकच ओळ सांगते. पीएफ कपात १,८०० असेल तर दुसरे उत्तर बरोबर, २,३४१ असेल तर पहिले.

ईएसआयसीच्या २१ हजारांच्या मर्यादेलाही अशीच तपासणी लागते. आधी कपात होते असे धरून ग्रॉस काढा. तो २१ हजारांच्या वर गेला तर ईएसआयसी वगळून पुन्हा गणित करा. एक अपवाद आहे. ईएसआयसीचे अंशदान एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा कालखंडांत चालते. कालखंडाच्या मधेच पगारवाढ होऊन मर्यादा ओलांडली, तरी तो कालखंड संपेपर्यंत कपात सुरू राहते.

उत्तर बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पीएफचे पासबुक. यूएएन वापरून ते मोबाइलवर उघडता येते. पहिल्या उदाहरणातील तरुणाच्या पासबुकात कर्मचाऱ्याचा वाटा १,६८० दिसेल. त्याला ०.१२ ने भागले की बेसिक १४,००० आणि पुढे ०.७० ने भागले की ग्रॉस २०,००० मिळतो. हातातल्या पगारावरून काढलेला ग्रॉस आणि हा ग्रॉस जुळला पाहिजे.

पासबुकात कंपनीच्या वाट्यासमोर मात्र ५१४ रुपयेच दिसतील. त्यावरून कंपनी कमी पैसे भरते असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. ते १,१६६ रुपये शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात असतात. दोन्हींची बेरीज १,६८० होते. विमा आणि प्रशासकीय शुल्काचे १४० रुपये पासबुकात येत नाहीत, पण कंपनीच्या खर्चात असतात.

आकडे जुळत नसतील तर बहुतेकदा महिनाच चुकीचा निवडलेला असतो. ओव्हरटाइम, बिनपगारी रजा किंवा फेब्रुवारीचा पगार गणितासाठी घेऊ नये. पतसंस्थेचा हप्ता, कँटीनचे पैसे, उचल अशी कपात होत असेल तर ती रक्कम व्यवसाय करासोबत आधीच परत मिळवावी. पगारातून आयकर कापला जात असेल तर तोही त्यातच मिळवायचा. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : कंपनी ठेकेदाराला जे सेवाशुल्क देते, ते कामगाराच्या सीटीसीत येत नाही.

अर्जात सीटीसी लिहिताना आकड्यापुढे 'ग्रॅच्युइटी व बोनस धरून' किंवा 'वगळून' हे शब्द जोडावेत. हातात येणारा पगार वेगळ्या ओळीत द्यावा. नव्या कंपनीकडूनही फक्त वार्षिक सीटीसी न घेता दरमहा हातात किती येणार, हा आकडा लेखी मागावा.