दोष पावडरीचा की दुधाचा?

माझा भाचा जिमला जाऊ लागला आणि महिनाभरात घरात पांढऱ्या पावडरीचा एक मोठा डबा आला. रोज सकाळी तीनशे मिली दुधात एक स्कूप घालून खळाखळा हलवायचं आणि उभ्याउभ्याच संपवायचं. तासाभराने पोट फुगायचं, गुडगुडायचं, कधीकधी पळापळही व्हायची. जिममधल्या मित्रांनी निदान केलं, "तू कॉन्सन्ट्रेट घेतोयस, त्यात लॅक्टोज असतं. आयसोलेट घे." मग बराच महाग असा दुसरा डबा आला. पोट मात्र पूर्वीसारखंच बोलत राहिलं. "मावशी, ह्यांनी फसवलं मला," तो म्हणाला.

फसवलं कुणीच नव्हतं. पण ते कळायला आधी ही पावडर कशी बनते ते पाहायला हवं.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं की खालच्या पातेल्यात जे पिवळसर, हिरवट झाक असलेलं पाणी ठिबकतं, ती निवळी. इंग्रजीतलं व्हे ते हेच. कारखान्यात जाणारी निवळी बहुतेक वेळा चीजच्या उद्योगातून येते. दूध फाटतं तेव्हा त्यातलं केसीन हे प्रथिन गोळा होऊन बसतं आणि पाण्यात विरघळलेलं सगळं निवळीबरोबर निघून जातं. विरघळलेल्यांत सर्वांत मोठा वाटा असतो लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. शंभर लिटर निवळीत साधारण पावणेपाच किलो लॅक्टोज असतं आणि प्रथिनं जेमतेम साडेसहाशे ग्रॅम. ही निवळी नुसती आटवून वाळवली, तर हाती येणारी पावडर मुख्यतः साखरेचीच असेल.

(जाता जाता: पनीर केल्यावर उरलेलं पाणी 'प्रोटीन' म्हणून पिणाऱ्यांची थोडी निराशा होईल. दूध उकळलं की निवळीतली बरीचशी प्रथिनं केसीनला चिकटतात आणि पनीरबरोबरच राहतात. पाण्यात उरते ती प्रामुख्याने साखर.)

प्रथिनं आणि साखर वेगळी कशी करायची? इथे आकार कामाला येतो. निवळीतल्या मुख्य प्रथिनांचा रेणू लॅक्टोजच्या रेणूपेक्षा चाळीस-पन्नासपट जड असतो. कारखान्यात निवळी दाबाखाली अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावरून फिरवतात. पाणी आणि लॅक्टोज छिद्रांतून पलीकडे जातात, प्रथिनं अलीकडे अडतात. ह्याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात.

गंमत अशी की, ह्या गाळण्याने अलीकडच्या पाण्याचा गोडवा कमी होत नाही. पाण्याबरोबर साखरही त्याच प्रमाणात जाते, म्हणून उरलेल्या प्रत्येक लिटरात लॅक्टोज आधीइतकंच राहतं. फक्त लिटर कमी होतात. शंभर लिटरांचे पाच लिटर केले, तर प्रथिनं तीच साडेसहाशे ग्रॅम, पण लॅक्टोज सुमारे दोनशे चाळीस ग्रॅमवर येतं. त्याशिवाय थोडं स्निग्ध, थोडे क्षार आणि पावडरीत शेवटी उरणारा ओलावा, असे मिळून शंभरेक ग्रॅम. आता वाळवलं तर पावडरीत पासष्ट टक्क्यांच्या आसपास प्रथिनं येतील. द्रावण आणखी आटवावं, तर ते इतकं दाट होतं की पडद्यातून पुढे सरकेना.

मग करतात ते आपण तांदूळ धुताना करतो तेच. पाच लिटर स्वच्छ पाणी घालायचं आणि पुन्हा पाच लिटर गाळून काढायचं. लॅक्टोज निम्मं, म्हणजे एकशेवीस ग्रॅम. पुन्हा एकदा धुतलं की साठ. आता वाळवलेल्या पावडरीत ऐंशी टक्क्यांच्या जवळपास प्रथिनं आणि सातेक टक्के लॅक्टोज. बाजारात 'कॉन्सन्ट्रेट ८०' म्हणून मिळतं ते साधारण हेच. त्यातलं लॅक्टोज चार ते आठ टक्क्यांच्या दरम्यान असतं.

आणखी चार वेळा धुतलं तर आयसोलेट मिळेल का? नाही. आयसोलेट म्हणवून घ्यायला कोरड्या पावडरीत नव्वद टक्के किंवा जास्त प्रथिनं लागतात, आणि साखर जवळजवळ संपली तरी स्निग्धांश वाटेत उभाच असतो. त्याचे सूक्ष्म कण प्रथिनांहून मोठे, त्यामुळे तेही अलीकडेच अडतात. म्हणून आयसोलेटसाठी वेगळी पायरी लागते: जरा मोठ्या छिद्रांच्या पडद्यातून प्रथिनं पलीकडे जाऊ द्यायची आणि स्निग्ध मागे ठेवायचं, किंवा प्रथिनं विद्युतभाराच्या जोरावर विशिष्ट कणांवर पकडून धरायची आणि बाकीचं धुऊन टाकायचं. शेवटी लॅक्टोज एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतं. जास्तीचे पैसे ह्या पायऱ्यांचे. आयसोलेट म्हणजे 'बिनलॅक्टोज' हा समज मात्र तितकासा खरा नाही. ते अगदी थोडं उरतंच.

आता भाच्याचा हिशेब. तेहतीस ग्रॅमच्या स्कूपमध्ये, त्याच्या पहिल्या डब्यावरच्या आकड्याप्रमाणे, लॅक्टोज दोन ग्रॅम. दुसऱ्या डब्याच्या स्कूपमध्ये पाव ते तीन दशांश ग्रॅम. आणि तीनशे मिली दुधात? जवळपास चौदा ग्रॅम! म्हणजे कॉन्सन्ट्रेट पिताना पोटात सोळा ग्रॅम जात होतं आणि महाग डबा आणल्यावर सव्वाचौदा. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत ते फारसा त्रास न होता चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये नोंदवलं आहे. भाचा दोन्ही वेळा त्या रेषेच्या पलीकडेच होता. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचतं, पाणी ओढून घेतं आणि तिथले जिवाणू ते आंबवून वायू करतात. म्हणून त्रास तासाभराने.

मी त्याला उघडलेला पहिलाच डबा पाण्यात कालवून प्यायला सांगितलं. चार दिवसांत गुडगुड थांबली.

तुमच्या डब्यात किती लॅक्टोज आहे हे पाहायचं असेल, तर समोरचं मोठ्ठं 'आयसोलेट' बाजूला ठेवून मागचा पोषणतक्ता वाचा. शंभर ग्रॅमच्या रकान्यातून एकूण साखरेतून वरून घातलेली साखर वजा केली की जे उरतं, ते बहुतांशी लॅक्टोज. घटकांची यादीही पाहावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. नावात आयसोलेट आणि यादीत पहिलं कॉन्सन्ट्रेट, असं दिसलं तर तो मिश्रणाचा डबा समजावा आणि दर त्या हिशेबाने तपासावा.

आयसोलेट पाण्यात घेऊनही पोट बिघडत असेल, तर लॅक्टोजवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. घट्टपणासाठी घातलेले डिंक, इन्युलिनसारखे तंतू किंवा माल्टिटॉलसारखे गोड पदार्थ यांच्याकडे पाहावं. आणि अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही होत असेल, तर ती गोष्टच वेगळी. ती दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असू शकते. अशा माणसाला आयसोलेटमध्ये साखर कमी आणि नेमकं त्रास देणारं प्रथिन जास्त मिळतं. त्याने डबा बंद करून डॉक्टरांकडे जावं.

भाच्याचा महाग डबा अजून शिल्लक आहे. सुट्टीच्या दिवशी तो त्यातला एक स्कूप घालतो, अर्थात पाण्यातच.