तुमचे चार, आमचे तीन

मार्चअखेर जवळ आली की ऑफिसात एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘त्यांच्या टीममध्ये सगळ्यांना चार, आमचे साहेब तीनच्या वर जातच नाहीत.’ ती बरेचदा खरी असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग गुण देणाऱ्याच्या सवयीतून आलेला दिसला. हा फरक कमी करण्यासाठी रेटिंग कर्मचाऱ्यांना कळवण्याआधी सगळे मॅनेजर एकत्र बसतात. तीच कॅलिब्रेशन मीटिंग.

समजा, ग्राहकसेवेच्या दोन टीम आहेत. पाचपैकी एकीची सरासरी ४.२, दुसरीची ३.१. पहिली टीम खरोखरच सरस असू शकते, म्हणून सरासरी पाहून लगेच गुण कापायचे नसतात. आधी ‘तीन’ म्हणजे काय ते ठरवायचं : नेमून दिलेलं काम वेळेत आणि नीट झालं, तर तीन. मग काठावरच्या नावांवर बोलायचं.

पहिले मॅनेजर सांगतात, ‘ही फार मेहनती आहे, रात्री उशिरापर्यंत थांबते, म्हणून चार.’ एचआरचा माणूस विचारतो, त्यातून झालं काय? तक्रारी ठरल्या वेळेत मिटल्या. म्हणजे तीन. दुसऱ्या टीममधल्या एकाला तीन मिळालेत. त्याच्या मॅनेजर म्हणतात, ‘काम चोख, बोलतो कमी.’ खोदून विचारल्यावर कळतं की बिलाची एकच तक्रार पुन्हा पुन्हा का येते, हे त्याने शोधून काढलं आणि चूक दुरुस्त करून घेतली. आता ती तक्रार दोन्ही टीमकडे येत नाही. त्याचे चार होतात.

ही मीटिंग बिघडते ती बहुधा माणसांमुळे. वरिष्ठांनी आधी मत दिलं की बाकीचे माना डोलावतात, म्हणून त्यांनी शेवटी बोलावं. सगळे दाखले फेब्रुवारी-मार्चचेच असतील, तर एप्रिल ते सप्टेंबरमध्ये काय झालं ते मुद्दाम विचारावं. आणि सगळे बदल खालच्याच दिशेने होत असतील, तर तिथे तुलना थांबून पगारवाढीचं बजेट जुळवणं सुरू झालंय, असं समजावं. प्रत्येक टीममधले ठरावीक टक्के लोक खाली ढकलायचे, ही सक्ती मायक्रोसॉफ्टनेही २०१३ मध्ये सोडली.

निर्णयानंतर ‘मी चार दिले होते, मीटिंगमध्ये कापले’ असं सांगणारा मॅनेजर मला अप्रामाणिक वाटतो. रेटिंग कुणीही बदललेलं असो, त्याचं कारण मॅनेजरनेच द्यायला हवं.

त्या खोलीत कर्मचारी नसतो. मॅनेजरला जेवढं आठवतं, तेवढंच त्याचं वर्ष तिथे पोचतं. म्हणून दर महिन्याला आपण काय केलं आणि त्यातून काय बदललं, ते दोन ओळींत लिहून मॅनेजरला पाठवत जा. सुरुवात एप्रिलपासूनच करा.